हीटर स्वतःहून बंद पडतो तेव्हा

निफाडची थंडी महाराष्ट्राला वर्तमानपत्रातून माहीत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की दुसऱ्या दिवशी आकडा छापून येतो, आणि द्राक्षबागांतून पहाटे पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटोही. माझे मामा त्याच पट्ट्यात राहतात. बागेतल्या मण्यांना शेकोटीची ऊब मिळते, पण घरातल्या माणसांनी काय करायचं, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी पंख्याचा रूम हीटर आणला, २००० वॉटचा. गेल्या डिसेंबरात मी गेलो तेव्हा मामी म्हणाल्या, "अरे, हा बिघडलाय. वीस मिनिटं चालतो न् बंद पडतो. मग आपणच सुरू होतो. रात्रभर असाच खेळ."

मी हीटर उलटा करून पाहिला. तळाशी करंगळीच्या टोकाएवढी प्लास्टिकची एक पिन होती आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून ती आत दाबून ठेवलेली होती. "वायरमनने लावली," मामा म्हणाले. "म्हणाला, हे बटनच खराब आहे, त्याच्यामुळे बंद पडतो."

"मग पट्टी लावल्यावर थांबलं का बंद पडणं?"

"नाही ना!"

या एका घरात जे घडलं होतं ते बऱ्याच घरांत घडतं. हीटर स्वतःहून बंद पडला की तो बिघडला असं आपण धरून चालतो. खरं तर बहुतेक वेळा त्याने आपलं काम केलेलं असतं. त्याच्या पोटात दोन वेगळे पहारेकरी बसवलेले असतात. एक हीटर कलंडला तर वीज तोडतो, दुसरा हीटर आतून जास्त तापला तर. दोघांची कामं वेगळी, बंद करण्याची तऱ्हा वेगळी. वायरमनने दोष एकाचा धरला होता आणि तो होता दुसऱ्याचा. परिणाम असा की खरं दुखणं तसंच राहिलं आणि जो पहारेकरी निर्दोष होता त्याचे हात बांधले गेले.

आधी त्या पिनेबद्दल. हिला टिप-ओव्हर स्विच म्हणतात. हीटर सपाट जमिनीवर उभा असला की त्याच्या वजनाने पिन आत दाबली जाते आणि आतल्या छोट्या स्विचचे संपर्क जुळतात. हीटर कलंडला, कोणी उचलला, की तळ जमिनीपासून सुटतो, स्प्रिंग पिनेला बाहेर ढकलते आणि वीज तुटते. फ्रिजचं दार उघडल्यावर दिवा लावणारं बटन असतं ना, त्याच जातीचं हे, फक्त उलट कामाचं. काही हीटरांत पिन नसते. त्याऐवजी आत एक लहानशी डबी असते आणि तिच्यात पोलादी गोळी किंवा लोंबतं वजन. हीटर ठरावीक कोनापेक्षा जास्त झुकला की गोळी घरंगळते आणि स्विच उघडतो. अशा हीटराच्या तळाशी काहीच दिसत नाही, पण हलवला तर आत गोळी खुळखुळते. तो खुळखुळाट म्हणजे काही तुटलंय असं समजू नका.

कलंडण्याचा धोका नेमका काय? हीटरमधली तापून लाल झालेली तार सहाशे-सातशे अंशांच्या घरात असते. सुती कापड करपायला दोन-अडीचशे अंश पुरतात. हीटर उभा असताना या दोहोंच्या मध्ये जाळी असते, हवा असते, अंतर असतं. तो तोंडावर गोधडीत पडला की अंतर संपतं आणि गोधडी जाळीला चिकटते. पंख्याने फेकलेली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही, ती कापडातच कोंडते. सळईच्या हीटरमध्ये तर पंखाही नसतो. त्याची धग सरळ समोर फेकली जाते आणि आता समोर, चार बोटांवर, कापूस असतो. इथे मिनिटभराचा उशीरही जास्त होतो. म्हणून हा स्विच उष्णतेची वाट पाहत नाही. तळ सुटला, की वीज गेली. तापमान किती याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तेलाच्या हीटरला या स्विचची गरज आणखी एका कारणाने लागते. पंख्यांसारख्या पात्यांच्या त्या जड हीटरात तापणारी सळई खालच्या बाजूला, तेलात बुडालेली असते. हीटर आडवा झाला की तेल एका बाजूला जातं आणि सळईचा काही भाग उघडा पडू शकतो. तेलात असताना तिची उष्णता तेल ओढून घेतं. उघडी पडली की ती एकटीच तापत राहते. तेलाचा हीटर आडवा ठेवून चालवायचा नाही, तो यासाठी.

आता दुसरा पहारेकरी. हा बाहेरून दिसत नाही. तारेच्या जाळीजवळ, गरम हवेच्या वाटेत, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान अशी एक गोल डबी बसवलेली असते. तिच्यात धातूची एक चकती असते, किंचित बशीसारखी वाकवलेली. ही चकती एका धातूची नसून दोन धातूंचे पत्रे एकमेकांना कायमचे जोडून केलेली असते. तापल्यावर दोन्ही धातू प्रसरण पावतात, पण एक जास्त, दुसरा कमी. जोडलेले असल्याने त्यांना वेगळं होता येत नाही, म्हणून ताण साठत जातो. ठरावीक तापमानाला चकती एकदम उलटी होते, बशीची टोपी होते, आणि त्या झटक्याने विजेचे संपर्क उघडतात.

जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा आठवतो? पोटाखालची पत्र्याची पट्टी दाबत जा, काही होत नाही, काही होत नाही, आणि एका क्षणी टक् होऊन ती उलटते. चकतीचं तसंच. ही टक् फार महत्त्वाची आहे. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. एवढी वीज वाहत असताना संपर्क हळूहळू, केसाकेसाने दूर झाले तर मधल्या फटीत ठिणगी टिकून राहते आणि संपर्कांची टोकं जाळते. झटक्याने उघडले तर ठिणगी तुटते. हीटर बंद पडताना तुम्हाला जो बारीक ‘टक्’ ऐकू येतो तो या बेडकाचा.

चकती थंड झाली की पुन्हा मूळ आकारात उलटते आणि हीटर सुरू होतो. पण उघडली त्याच तापमानाला ती मिटत नाही. त्याहून बरंच खाली उतरावं लागतं. म्हणून हीटरला दहा-पंधरा मिनिटं ‘विश्रांती’ लागते. मामींच्या भाषेतला खेळ तो हाच.

या डबीला तुमच्या खोलीशी कर्तव्य नाही. खोली किती उबदार झाली हे पाहणारा थर्मोस्टॅट वेगळा, ज्याची गोल खुंटी तुम्ही फिरवता तो. खोली हवी तेवढी तापली की तो हीटर थांबवतो. हे रोजचं, अपेक्षित बंद होणं. कट-आउट मात्र हीटरच्या पोटातलं तापमान पाहतो आणि सगळं सुरळीत असेल तर वर्षानुवर्षं त्याला उलटण्याची वेळच येऊ नये. तो उलटतोय, म्हणजे उष्णता तयार होतेय पण बाहेर जात नाहीये.

उष्णता अडते कशाने? सगळ्यात जास्त वेळा धुळीने. पंख्याचा हीटर मागच्या जाळीतून गार हवा आत घेतो. दहा महिने माळ्यावर पडलेल्या हीटरच्या त्या जाळीवर कापसाचे तंतू, केस, धूळ यांची घोंगडी तयार झालेली असते. हवा कमी आत येते, तारेवरून कमी वाहते, तार तेवढीच वीज घेत राहते आणि पोट तापतं. दुसरं कारण, मागची बाजू भिंतीला टेकवणं किंवा पडद्याखाली ठेवणं. तिसरं, वर ओले मोजे वाळत घालणं. चौथं, पंख्याच्या मोटरचं बुश कोरडं होऊन तो मंदावणं. हे ओळखता येतं, कारण पंखा सुरू होताना कुरकुरतो आणि वारा पूर्वीपेक्षा कमी लागतो.

निफाडसारख्या भागात पाचवं कारणही असतं, ते म्हणजे विजेचा दाब. लोकांना वाटतं दाब कमी असला तर हीटर कमी तापेल, म्हणजे सुरक्षितच. हिशेब करून पाहू. हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २००० वॉट, तर १८० व्होल्टला साधारण सव्वाबाराशे वॉट. उष्णता कमी झाली हे खरं. पण त्याच तारेवर चालणारा पंखाही मंदावतो आणि बुश कोरडं असेल तर फिरायचाच थांबतो. सव्वाबाराशे वॉट उष्णता आणि वारा शून्य, हे २००० वॉट आणि भरपूर वाऱ्यापेक्षा वाईट. उलट, रात्री उशिरा भार कमी होऊन दाब २६० पर्यंत चढला तर तोच हीटर अडीच हजार वॉटच्या वर जातो. जाळी अर्धी तुंबलेली असेल तर मग कट-आउट पडायला तेवढं पुरतं.

आता मामांच्या हीटरकडे परत. मी त्यांना म्हटलं, "मामा, आपण दुरुस्त काही करू नका, आधी नुसतं बघू." रात्री नऊला हीटर लावला. पिनेवर पट्टी होतीच, म्हणजे टिप-ओव्हर स्विच बाद होता. तरीही नऊ वाजून वीस मिनिटांनी टक् झालं आणि गरम हवा थांबली. वरचं प्लास्टिक हाताला चटका देत होतं. खुंटी कमाल अंशावर होती आणि खोली अजून गारच, म्हणजे थर्मोस्टॅटने बंद केलेला नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा टक्, पुन्हा सुरू. एवढ्यावर निदान झालं. कट-आउट.

प्लग काढून, हीटर गार होऊ दिला. तो पलंगाच्या डोक्याशी भिंतीपासून दोन बोटांवर ठेवलेला असायचा. मागची जाळी पाहिली तर पलीकडचं काही दिसेना. कोरड्या रंगाच्या ब्रशने आणि फुंकणीने धूळ काढली. ओलं फडकं लावलं नाही. मग भिंतीपासून दीड हात पुढे, मोकळ्या फरशीवर ठेवला. त्या रात्री तो बंद पडला नाही.

मग चिकटपट्टी काढली. पिन दाबून, सोडून पाहिली. स्प्रिंग ठणठणीत होती. पण दुसऱ्या दिवशी मामींचा निरोप आला की आता तर तो सुरूच होत नाही. जाऊन पाहतो तर फरशी गार लागते म्हणून त्यांनी हीटर घडी केलेल्या गोधडीवर ठेवलेला. मऊ गोधडीत पाय रुतले होते, पण कापड पिनेला दाबून धरू शकत नव्हतं. इथे बंद ठेवणारा होता पहिला पहारेकरी, आणि त्याचं बरोबर होतं. गोधडी हीटरला जागाच नव्हे. जाड गालिचा, उंचसखल शहाबादी फरशी, एक पाय गळून पडलेला हीटर, यांनीही असंच होतं. उपाय पट्टी नसून सपाट, कडक जागा हा आहे.

तिसरा प्रसंग त्याच आठवड्यातला. नातवाचा पाय लागून चालू हीटर आडवा झाला. लगेच बंद झाला, लगेच उभा केला, पण सुरू होईना. मामांना वाटलं, आता मात्र गेला. दहा मिनिटांनी तो आपणहून सुरू झाला. हे दोन्ही पहारेकऱ्यांचं एकामागून एक काम होतं. कलंडताच टिप-ओव्हर स्विचने तारेबरोबर पंख्याचीही वीज तोडली. तार लाल होती आणि तिची उष्णता वाहून नेणारा वारा थांबला. ती साठलेली उष्णता पोटातच पसरली आणि चकती उलटली. हीटर उभा केल्यावर पहिलं फाटक उघडलं, दुसरं थंड होईपर्यंत बंद राहिलं. चालू हीटरचा प्लग खस्सकन ओढला तरी हेच होऊ शकतं. म्हणून बंद करताना आधी तार बंद करून मिनिट-दोन मिनिटं नुसता पंखा चालू द्यावा.

तेव्हा हीटर थांबला की ओळखायचं असं. हलवताना किंवा जागा बदलताना क्षणात बंद झाला आणि नीट ठेवताच सुरू झाला, तर टिप-ओव्हर. पंधरा-वीस मिनिटं चालून बंद झाला, अंग चटका देतंय, थोड्या वेळाने आपणहून सुरू झाला, तर कट-आउट. खोली उबदार झाल्यावर थांबला आणि खुंटी पुढे फिरवताच टक् होऊन सुरू झाला, तर साधा थर्मोस्टॅट. काही हीटरांत कट-आउट आपणहून मिटत नाही. आत एक छोटा तापणारा घटक चकतीला गरम ठेवतो आणि प्लग काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय हीटर सुरू होत नाही. हा त्रास मुद्दाम ठेवलेला असतो. तुम्ही उठावं, हीटरकडे पाहावं, अडथळा काढावा, एवढ्यासाठी.

आणि हीटर गार होऊनही, प्लग काढून लावूनही, पुन्हा कधीच तापला नाही, तर बहुधा थर्मल फ्यूज गेलेला असतो. चकतीच्या पाठीमागे उभा केलेला हा शेवटचा राखणदार. काडीएवढ्या नळीत एक गोळी असते, ती ठरावीक तापमानाला वितळते, स्प्रिंग सुटते, वीज कायमची तुटते. तो का लागतो? कारण चकती थकते. मामांचा हीटर पस्तीस मिनिटांत एकदा उघडझाप करत होता. रात्री नऊ ते सकाळी सहा म्हणजे सुमारे पंधरा वेळा, दोन महिन्यांच्या थंडीत नऊशे वेळा, दर वेळी पावणेनऊ अँपिअर तोडत. संपर्क झिजतात, आणि एखाद्या दिवशी ठिणगीने एकमेकांना चिकटून बसतात. मग चकती उलटायचा प्रयत्न करते, वीज तुटत नाही. ‘बंद पडतो पण आपला सुरू होतो, चालतंय की’ असं म्हणत हंगाम काढणं म्हणजे हा राखणदार खर्ची घालणं.

थर्मल फ्यूज गेला तर त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा नवीन बसवावा लागतो. तो डाग देऊन जोडू नये, कारण डागणीच्या उष्णतेनेच तो उडतो; तो दाबाच्या जोडाने बसवतात. आणि त्याच्या जागी नुसती तार जोडून हीटर ‘चालू करून देणाऱ्या’ माणसाकडून हीटर परत घेऊ नये. शिवाय फ्यूज का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवला तर तोही जाईल.

इतकं सगळं असूनही या दोघांना न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. कट-आउट हीटरच्या पोटाचं तापमान पाहतो, समोरच्या पांघरुणाचं नाही. सळईचा हीटर पलंगापासून एक फुटावर ठेवला तर त्याची धग मोकळी समोर जाते, त्याचं पोट गारच राहतं, कट-आउट स्वस्थ बसतो आणि रजईची कड करपू लागते. हीटर उभा आहे, म्हणून टिप-ओव्हरही गप्प. हीटरच्या समोर किमान तीन फूट मोकळी जागा ठेवायला सांगतात ते यासाठी. ते अंतर कोणताही स्विच राखत नाही. तसंच प्लगचं. पावणेनऊ अँपिअर ओढणारा हीटर ६ अँपिअरच्या पिनेवर किंवा स्वस्त एक्स्टेंशन बोर्डावर लावला तर तापतो तो बोर्ड, आणि हीटरमधल्या चकतीला त्याचा पत्ता नसतो. त्याला १६ अँपिअरचा भिंतीतला सॉकेटच हवा. पिन असलेला हीटर अशा तऱ्हेने पडला की तळ पलंगाच्या पायाला टेकून पिन दाबलेलीच राहिली, तर टिप-ओव्हरही फसतो. ही शक्यता कमी, पण आहे.

थंडी सुरू होताना एक तपासणी घरीच करता येते. हीटर नुसत्या पंख्यावर लावा, तार बंद ठेवा, आणि मागची कड हळूच उचला. पंखा लगेच थांबला पाहिजे, खाली ठेवताच फिरला पाहिजे. थांबला नाही तर पिन अडकली आहे. तो हीटर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. कट-आउटची चाचणी मात्र घरी घेऊ नका. हीटरवर टॉवेल टाकून ‘बघू या बंद होतो का’ हा प्रयोग आगीचाच आहे. त्याच्यासाठी मागची जाळी साफ ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं.

मामांचा हीटर आता पलंगापासून लांब, मोकळ्या फरशीवर असतो. त्याच्या पिनेवर पट्टी नाही. आणि तुमच्या हीटरवर कोणी अशी पट्टी लावली असेल, तर आज रात्री तो लावण्याआधी ती काढा.